थकबाकीचं पत्र

आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी झाले ती काही कर्तबगारीमुळे नव्हे. वार्षिक सभेत एकाही पुरुषाचा हात वर गेला नाही, आणि मी नेमकी पहिल्या रांगेत बसले होते. चेअरमन म्हणाले, "बाई ऑफिसात टायपिंग करतात, पत्रव्यवहार चांगला सांभाळतील." टाळ्याही पडल्या. नवऱ्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या, कारण त्याची मान सुटली होती.

मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूला आमची तीन मजली इमारत. लिफ्ट नाही, गच्चीवरून मिठाचे पांढरे ढीग दिसत. आम्ही राहायला आलो तेव्हा पुढे चिखल आणि मागे दलदल होती, पण स्वतःचं घर होतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. तक्रारी सुरू झाल्या त्या पंपाची मोटर जळल्यावर. मेस्त्रीने वायंडिंगचा खर्च सांगितला आणि खजिनदारांनी पासबुक उघडून सगळ्यांना दाखवलं. वॉचमनचा मागचा पगार अजून द्यायचा होता, महापालिकेचं पाण्याचं बिल आलेलं होतं. चार घरांचा मेंटेनन्स कितीतरी महिने आला नव्हता.

चेअरमन अबकारी खात्यातून निवृत्त झालेले. माणूस प्रामाणिक, पण आयुष्य धाडी घालण्यात गेलेलं. कमिटीच्या मीटिंगला ते नोटिशीचा मसुदा लिहूनच घेऊन आले. वर मोठ्या अक्षरात 'थकबाकीदार', खाली चार नावं, नावांपुढे रकमा, आणि शेवटी 'अन्यथा पाणी तोडण्यात येईल'. हे खाली जिन्याजवळच्या काचेच्या बोर्डात लावायचं.

"पाणी तोडता येत नाही आपल्याला," मी म्हटलं. "कायद्यात बसत नाही ते."

"लिहायला काय जातंय? घाबरतील तरी."

"आणि नावं?"

"नावं लावल्याशिवाय लोक पैसे काढत नाहीत, बाई. माझा अनुभव आहे."

त्या चार नावांत तिसरं नाव आमच्या समोरच्या काकांचं होतं. खजिनदार चहाच्या कपात बघत बसले. बोर्डात काकांचं नाव लागणार हे आम्हा तिघांनाही कळत होतं आणि त्यावर बोलायची कुणाची छाती नव्हती. कारण तो बोर्ड काकांनीच करून घेतला होता. इमारतीच्या दारांचं उरलेलं सागवान सुताराकडून मागून, स्वतः पॉलिश करून.

मी भांडले. माझा आवाज चढतो आणि चढला की खाली यायला वेळ लागतो, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. शेवटी चेअरमन कंटाळून म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही गोड शब्दांत पत्र लिहा. महिनाअखेरपर्यंत पैसे आले तर उत्तम. नाही आले तर नावं लागणार. मग मला अडवायचं नाही." एवढी मुदत मिळाली आणि मी मसुदा घेऊन घरी आले.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मूळचे मालवणकडचे, गिरणीच्या हजेरी खात्यात हेड क्लार्क. लालबागची खोली विकून, फंडातून कर्ज काढून इथे आलेले. सोसायटी नोंदवायला सहकार खात्याच्या ऑफिसात ज्यांनी चपला झिजवल्या त्यांत ते पहिले. सोसायटीचे पहिले खजिनदारही तेच. पण इमारतीत त्यांचा मान होता तो वेगळ्याच कामासाठी. सोसायटीची कुठलीही नोटीस बोर्डात लागण्याआधी काकांच्या हाताखालून जायची. तसा काही ठराव नव्हता, पण पद्धत पडून गेली होती. गिरणीत साहेबांच्या इंग्रजी नोटिशी मराठीत करून कामगारांसाठी लावायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. कुठल्या शब्दावर माणूस चिडतो आणि कुठल्या शब्दावर ऐकतो हे त्यांना तिथे कळलेलं.

सेक्रेटरी झाल्यावर मी पहिली नोटीस नेली ती गॅलरीतून कचरा टाकण्याबद्दल. मी लिहिलं होतं, 'काही बेजबाबदार सभासद'. काकांनी निळी पेन्सिल घेतली आणि 'बेजबाबदार' काढला.

"अगो, हो शब्द वाचून एक तरी माणूस म्हणतलो काय, की हो मीच?"

"नाही."

"मगे लिवलंस कशाक?"

त्यांचे काही नियम होते. नोटीस जिन्यात वाचली जाते, वाचणाऱ्याच्या मागे त्याची पोरं उभी असतात, हे लिहिताना विसरायचं नाही. पैशाची गोष्ट बोर्डात लावायची नाही, पाकिटातून द्यायची, आणि पाकीट सगळ्या घरांना द्यायचं. ज्यांनी भरलेत त्यांच्या पाकिटात पावती आणि आभार, ज्यांचे राहिलेत त्यांच्या पाकिटात पत्र. म्हणजे वाटणाऱ्या वॉचमनलाही कळत नाही कुणाला काय गेलं. आणि शेवटचा नियम, खाडाखोड केलेला कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही. "लोक खोडलेलाच आधी वाचतत," ते म्हणत. त्यामुळे त्यांच्याकडून मसुदा आणला की मी तो पुन्हा स्वच्छ लिहायची, मग स्टेशनजवळच्या दुकानातून सायक्लोस्टाइल करून आणायची.

मग गिरण्यांचा संप झाला. संप कामगारांचा, पण गिरणीच बंद म्हटल्यावर हजेरी कुणाची घेणार? सुरुवातीला काका म्हणायचे, दिवाळीपर्यंत मिटेल. मग होळीपर्यंत म्हणायला लागले. मग काही म्हणेनासे झाले. संप संपल्यासारखा झाला, काही गिरण्यांचे भोंगे वाजले, त्यांच्या गिरणीचा वाजलाच नाही. काका खाली उतरेनासे झाले. संध्याकाळी कट्ट्यावर बसायचे ते बंद. काकू मालवणी मसाला कुटून वाकोल्याला बहिणीकडे नेऊन विकायच्या. इथल्या कुणाला कळू नये म्हणून एवढ्या लांब. एकदा बसस्टॉपवर मला त्यांच्या पिशवीचा वास आला. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आम्ही दोघी मिठागरांकडे बघत बसची वाट पाहत राहिलो.

चेअरमनशी ठरल्याप्रमाणे पत्र मी माझ्या शब्दांत लिहून काढलं. आता हा मसुदा काकांकडे न्यायचा का? नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? ज्यांना पाठवायचं त्यांनाच दुरुस्त करायला देणार?"

"आणि नाही नेला तर? आजवर एक कागद त्यांना टाळून लागलेला नाही. हाच एक टाळला तर त्यांना काय वाटेल?"

"वाईट वाटेल. नेलास तरी वाईट वाटेल."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. दोन दिवस मी कागद पर्समध्ये घेऊन ऑफिसला जात-येत होते. शेवटी रविवारी सकाळी समोरची बेल दाबली.

काका खिडकीपाशी बसले होते. दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा. माझ्या हातातला कागद बघून त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. "दी बगया. काय लिवलंस?"

मी चेअरमनचा कागद नेला नव्हता, माझाच नेला होता. तरी तो वाचताना त्यांचा चेहरा मला बघवेना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा गणपती बघत बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कागद कसला ते त्यांना लगेच समजलं. त्या आत गेल्या. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता.

काकांनी पूर्ण वाचलं. मग पेन्सिल शोधली. टोक बोथट झालं होतं, ते ब्लेडने नीट केलं.

"'आपणास वारंवार स्मरण देऊनही'," त्यांनी वाचलं. "ह्या काढ. वारंवार म्हटलंस की मागचा सगळा उगाळलास. आजचा काय ता बोल."

"पण मागे सांगितलं होतं ना आपण."

"सांगितलं होतं. त्याका म्हायत आसा." ते 'त्याका' म्हणाले, 'माका' नव्हे. त्या सकाळी ते शेवटपर्यंत तिसऱ्याच माणसाबद्दल बोलल्यासारखे बोलत राहिले, आणि मीही.

मग त्यांनी पैसे कशाला लागतात ते घालायला सांगितलं. पंप, जिन्यातले दिवे, वॉचमनचा पगार, पालिकेचं बिल. "सोसायटी म्हणजे कोणी सावकार न्हय, हां. आपण सगळे. ता दिसूक व्हया." मी लिहीत गेले. 'थकबाकी' शब्द त्यांनी एकदाच ठेवला, रकमेपुढे. बाकी सगळीकडे 'आपली राहिलेली वर्गणी'. 'थकबाकीदार' मी मुळात लिहिलंच नव्हतं. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे बघून मान हलवली.

तारखेचं वाक्य मी मिळमिळीत केलं होतं, 'शक्य तितक्या लवकर'. ते त्यांनी खोडलं. "लवकर म्हणजे कधी? सरळ तारीख घाल. तारीख नसली की माणूस रोज थोडो थोडो मरता. एकदा काय ती तारीख कळूं दे."

मी महिनाअखेरची तारीख घातली.

"आणि शेवटी काय होतला ता पण लिव. व्याज नियमाप्रमाणे लागतला. काहीच कळवल्यान नाय, तर कमिटीक सहकार खात्याकडे जावचा लागतला. धमकी म्हणून नाय. खरा म्हणून."

"काका, इतकं कडक नको."

"कडक न्हय ता. खोटा मऊ लिवलंस तर लोकांका वाटता आपल्याची कीव करतत. त्यापरीस कडक बरा."

मी हप्त्यांचं वाक्य भीतभीत वाचून दाखवलं. 'अडचण असल्यास हप्ते ठरवून घेता येतील, त्यासाठी सेक्रेटरींना भेटावे.' ते मी त्यांच्यासाठीच लिहिलं होतं, दुसऱ्या कुणासाठी नाही. काकांनी पेन्सिल त्यावर टेकवली, पण खोडलं नाही. खाली आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली. 'येण्यास संकोच वाटत असल्यास निरोप पाठवावा, आम्ही घरी येऊ.'

"ह्या ऱ्हवांदे," ते म्हणाले. "कोणाच्या तरी उपेगाक येतला."

काकूंनी चहा आणला. साखर कमी होती. आम्ही चहा पीत पंपाच्या मोटरबद्दल बोललो. निघताना काका म्हणाले, "पाकिटा सगळ्यांका दी हां. विसरू नको." दार लागलं आणि मी जिन्यातच थोडा वेळ उभी राहिले. घरी गेले असते तर रडले असते आणि नवरा म्हणाला असता, मी सांगितलं होतं.

पाकिटं सगळ्या घरांना गेली. काकांच्या पाकिटावर नाव मी स्वतः लिहिलं आणि इतरांसारखंच वॉचमनच्या हाती दिलं. ते आत त्यांनी उघडलं की नाही देव जाणे. त्यांना त्यातला शब्द न् शब्द पाठ होता.

पत्राने काम केलं, हे मला मान्य करायला हवं. तळमजल्यावरचे एक गृहस्थ, ज्यांनी घरात नवा रंगीत टीव्ही आणून मेंटेनन्स थकवला होता, ते चेक घेऊन आले आणि वर "पत्र छान होतं हो" म्हणून गेले. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी हप्ते मागितले. त्यांचा नवरा आजारी आहे हे आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हतं. चौथ्या घराचेही आले. खजिनदारांचा चेहरा उजळला, पंप सुरू झाला. चेअरमन म्हणाले, "गोड शब्दांनी होतं म्हणायचं काम." आणि मग हळू आवाजात, "समोरून काही?"

समोरून काहीच नाही. दार बंद असायचं. मी ऑफिसला जाताना मुद्दाम चपलांचा आवाज करायची, म्हणजे हाक मारायची असेल तर मारावी. तारीख जवळ आली तशी माझी झोप उडाली. तारखेनंतर चेअरमन शब्दाला जागून नाव लावणार, काकांनी पॉलिश केलेल्या लाकडात, आणि इमारतीतली पोरं ते मोठ्याने वाचणार, एवढंच डोळ्यांपुढे यायचं.

तारीख दोन दिवसांवर असताना वॉचमन वर आला. "समोरच्या काकूंनी निरोप दिलाय. म्हणाल्या, पत्रात लिहिलंय तसं घरी या. चेअरमन साहेबांनाही आणा."

मला इतका आनंद झाला की मी पायात चप्पल न घालताच चेअरमनकडे पळाले. वाटेत मनात हप्तेही ठरवून टाकले, किती छोटे करता येतील ते. चेअरमननी कोट घातला. का, ते त्यांनाच ठाऊक.

काकांनी आज दाढी केली होती. आम्हाला बसायला सांगितलं आणि सरळ मुद्द्यावर आले. घर विकून गावाला, मालवणकडे जायचं ठरलंय. गिऱ्हाईक मिळालंय. विक्रीतून सोसायटीचे सगळे पैसे व्याजासकट चुकते होतील. सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि येणे बाकी नसल्याचा दाखला तेवढा हवा. आणि तारखेच्या आत कळवायचं होतं म्हणून बोलावलं.

चेअरमन उठूनच उभे राहिले. "अहो, काय बोलताय! एवढ्यासाठी घर विकतात का? हप्ते करू. पत्रात आहे ना, हप्ते?"

"हप्तो कशातून देऊ, साहेब? जेका पगार येता तेच्यासाठी ता वाक्य. माका गिरण हप्तो देता काय?"

"मग व्याज सोडू. कमिटीत ठराव करतो."

"नको. एकदा माझ्यासाठी नियम वाकवलात की दुसऱ्याक कसा सांगतलात?"

चेअरमन खिशात हात घालून उभे होते. ज्यांनी नावं लावायचा हट्ट धरला होता तेच, "मी भरतो, मला नंतर द्या," असं काहीतरी पुटपुटले. काकांनी हात जोडले.

मला राग आला होता. गिरणीचा, चेअरमनचा, त्या शहाण्यासुरत्या पत्राचा आणि सगळ्यांत जास्त काकांचा. एवढा ताठ माणूस असूच नये. खाली कुणी महिनोन्महिने मेंटेनन्स थकवून रंगीत टीव्ही बघत होतं, आणि हे चाललेत गावाला. मी तसं बोललेही. काकू पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "बाय माझे, मेंटेनन्स तर आसाच. पण घरात आता रोजचाच भागना नाय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की आम्ही महिनाभर ज्या रकमेवर मीटिंगा घेत होतो ती त्यांच्या अडचणींत सगळ्यांत लहान होती.

पैसे चुकते झाल्यावर दाखला मी लिहिला. चेअरमनकडे जुना नमुना होता, कुठल्याशा दुसऱ्या सोसायटीचा. त्यात शेवटी एक ओळ होती, 'यापुढे सदर सभासदाचा संस्थेशी कोणताही संबंध राहणार नाही.' ती मला खुपली. पण मी मुद्दाम ठेवली. काका खोडतील, म्हटलं. निळी पेन्सिल घेतील आणि म्हणतील, काय गो, ह्या कशाक लिवलंस? मला ते एकदा ऐकायचं होतं.

घरात बांधाबांध झालेली. कॅलेंडरही उतरवलं होतं. काकांनी कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि वरून खालपर्यंत वाचत गेले. रक्कम, पावती, तारीख. शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली. मग त्यांनी ती टेबलावर ठेवून दिली.

"खरा आसा ता," ते म्हणाले. "ऱ्हवांदे."

मी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि ती ओळ खोडली. एकदा खोडून माझं समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा खोडली. कागद थोडा फाटला. काका माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. संपात नाही, त्या रविवारी नाही.

"आता ह्यो कागद चालाचो नाय," नाक पुसून ते म्हणाले. "पुन्ना लिव. खोडलेलो कागद कोणाच्या हातात देव नये."

मी घरी येऊन दाखला स्वच्छ लिहिला, त्या ओळीशिवाय. चेअरमननी काही न विचारता सही केली, मी सोसायटीचा शिक्का मारला आणि दाखला समोर नेऊन दिला. दोन दिवसांनी ट्रक आला.

ते पत्र आमची सोसायटी अजून वापरते. माझ्यानंतर कितीतरी सेक्रेटरी झाले, रकमा वाढल्या, सायक्लोस्टाइल जाऊन झेरॉक्स आली, पण 'आम्ही घरी येऊ' ही ओळ कुणी काढलेली नाही. नवीन लोक विचारतात, हे इतकं चांगलं कोणी लिहिलं, आणि मी सांगते. फाटलेला दाखला मात्र मी कुणाला दाखवत नाही. तो कपाटात साड्यांच्या खाली आहे. कधी हाताला लागला तर उघडते, आणि काका म्हणायचे तसंच होतं, खोडलेलंच आधी वाचलं जातं.